चोविसांतला एक वाटा : संपादित जमिनीचा मोबदला आणि घरातला हिशेब

१/
महाराष्ट्रातील भूसंपादनाचा इतिहास सांगताना काही नावे हमखास येतात. १९२१ चा मुळशी सत्याग्रह आणि सेनापती बापट. १९८४ चे नवी मुंबई परिसरातील शेतकऱ्यांचे आंदोलन आणि दि. बा. पाटील. या कथनात पक्ष दोनच असतात : एका बाजूला सरकार किंवा कंपनी, दुसऱ्या बाजूला शेतकरी. परंतु वडिलोपार्जित जमिनीच्या बाबतीत 'शेतकरी' हा एक माणूस नसतो. ते एक कुटुंब असते. मोबदल्याची रक्कम जाहीर झाली, की दुसरा आणि बराच शांत संघर्ष त्या कुटुंबाच्या आत सुरू होतो. हा धागा त्या दुसऱ्या संघर्षाविषयी आहे.

२/
मुद्दा थोडक्यात असा. मोबदला कोणाला मिळावा हे वारसा कायदा ठरवतो. पण तो प्रत्यक्षात कोणाला मिळतो, हे बहुतेक वेळा महसुली दप्तर ठरवते. ही दोन्ही साधने वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हेतूंनी घडली. त्यांच्यातील अंतरात ज्यांचा वाटा हरवतो, त्या प्रामुख्याने त्या घरातील मुली असतात. हे अंतर अपघाताने पडलेले नाही, त्याला इतिहास आहे.

३/
आधी दप्तराचा इतिहास. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमिनीची नवी मोजणी व साराबंदी सुरू केली. तिथून पुढे मुंबई इलाख्यात रयतवारीची जी घडी बसली, तिला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे होते : या सर्व्हे नंबरचा सारा कोण भरणार? नोंदीतील नाव हे सारा भरणाऱ्याचे नाव होते. त्या नावामागे किती भाऊ, किती विधवा आणि किती लेकी आहेत, याच्याशी सरकारी तिजोरीला कर्तव्य नव्हते.

४/
१९०३ मध्ये मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा आला आणि दप्तरात हक्कांना जागा मिळाली. तरीही जुनी सवय सुटली नाही. वडील वारल्यावर थोरल्या मुलाचे नाव 'एकत्र कुटुंब मॅनेजर' म्हणून लागे. सातबाऱ्यावर नावामागे दिसणारी 'ए. कु. मॅ.' ही अक्षरे तीच. मुलींची नावे कित्येक गावांत लागलीच नाहीत. जिथे लागली, तिथे ती पुष्कळदा कब्जेदार म्हणून न लागता 'इतर हक्क' या रकान्यात लागली. ज्या रकान्यात सोसायटीचा बोजा आणि विहिरीतील पाण्याची पाळी नोंदवली जाते, त्याच रकान्यात बहिणीही नोंदवल्या गेल्या.

५/
कायद्याच्या दृष्टीने अशी नोंद मालकी निर्माण करत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १५७ एवढेच सांगते, की विरुद्ध सिद्ध होईपर्यंत हक्कनोंद खरी मानावी. फेरफाराने हक्क जन्मत नाही आणि मरतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. जमीन जोवर जागेवर आहे, तोवर या तत्त्वाला अर्थ असतो. नाव नसलेली बहीण वीस वर्षांनीही वाटणीचा दावा लावू शकते, कारण शेत कुठे जात नाही. भूसंपादन नेमकी हीच स्थिती बदलते. शेताचे पैसे होतात, आणि पैसा जागेवर राहत नाही.

६/
आता वारशाचा हिशेब. तो समजण्यासाठी सांगलीच्या न्यायालयात सुरू झालेला एक प्रसिद्ध खटला पुरेसा आहे : गुरुपाद खंडाप्पा मगदूम विरुद्ध हिराबाई खंडाप्पा मगदूम. खंडाप्पा १९६० मध्ये वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. मालमत्ता एकत्र कुटुंबाची होती. हिराबाईंनी चोविसांपैकी सात वाटे मागितले. खालच्या न्यायालयाने त्यांना चोविसांपैकी एकच वाटा दिला, उच्च न्यायालयाने सात दिले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या निकालपत्राद्वारे, सात वाटेच कायम केले.

७/
हे चोवीस आले कुठून? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम ६ नुसार मृत्यूच्या क्षणाआधी कुटुंबाची वाटणी झाली असे कल्पायचे. त्या काल्पनिक वाटणीत वडील, आई आणि दोन मुलगे अशा चौघांना प्रत्येकी एक चतुर्थांश मिळतो. मुली त्या वाटणीत बसत नाहीत, कारण जुन्या मिताक्षरा पद्धतीत जन्माने हक्क फक्त मुलग्यांना होता. मग वडिलांचा चतुर्थांश त्यांच्या सहा वारसांत, म्हणजे पत्नी, दोन मुलगे व तीन मुली यांच्यात, सारखा वाटायचा. प्रत्येकाला चोविसांतला एक. आईचे व मुलग्यांचे आधीचे सहा वाटे धरून प्रत्येकी सात होतात. मुलीकडे राहतो तो एकच.

८/
समजा, अशाच रचनेच्या एखाद्या घराची जमीन संपादित झाली आणि मोबदला २४ लाख रुपये ठरला. (रक्कम केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतली आहे.) वडील १९३० मध्ये वारले असते, तर सगळी जमीन उत्तरजीवित्वाने दोन मुलग्यांकडे गेली असती : प्रत्येकी १२ लाख. आईला पोटगी, आणि मुलींना लग्नापुरता खर्च. वडील १९६० मध्ये वारले, तर १९७८ च्या निकालातील गणिताने आई ७ लाख, प्रत्येक मुलगा ७ लाख आणि प्रत्येक मुलगी १ लाख. जमीन तीच, माणसे तीच. बदलली ती फक्त मृत्यूची तारीख.

९/
यानंतर कायदा दोनदा हलला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना जन्मसिद्ध सहदायाद मानले, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्यांना वगळून. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने हा भेद पुसला. वडील त्या दिवशी हयात असायला हवेत का, यावर पंधरा वर्षे उलटसुलट निकाल येत राहिले. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने उत्तर दिले : हक्क जन्माने येतो, त्यामुळे वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही.

१०/
नव्या गणितात काल्पनिक वाटणी सात जणांत होते : वडील, आई, दोन मुलगे, तीन मुली. वडिलांचा सातवा हिस्सा पुन्हा सहा वारसांत. एक सप्तमांश अधिक एक बेचाळिसांश म्हणजे नेमका एक षष्ठांश. २४ लाखांत प्रत्येकाला ४ लाख. मुलीचा वाटा १ लाखावरून ४ लाखांवर आला आणि आई व मुलग्यांचा ७ वरून ४ वर. आजच्या बहुतेक कौटुंबिक तंट्यांचे मूळ या दोन आकड्यांतील फरकात आहे. (हा हिशेब हिंदू कायद्याचा आहे. मुस्लिम वारसा कायदा आणि गोव्याची नागरी संहिता यांची गणिते वेगळी आहेत.)

११/
या नियमाला एक महत्त्वाची मर्यादा आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी खरी वाटणी झाली असेल, तर ती मोडता येत नाही. मात्र ती नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली असावी लागते. तोंडी वाटणी झाली होती, हे म्हणणे न्यायालय अपवादानेच आणि सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल तरच स्वीकारते. हिराबाईंच्या खटल्यातील काल्पनिक वाटणी ही खरी वाटणी ठरत नाही, ती वाटे मोजण्याची एक रीत आहे. म्हणून मोबदल्याच्या वादात कागदांचा पहिला शोध असतो तो याच तारखेच्या अलीकडचा की पलीकडचा.

१२/
आता तिसरे साधन, भूसंपादन कायदा. १८९४ चा कायदा ब्रिटिशांचा, जबरदस्तीचा, हे सर्वज्ञात आहे. सक्तीच्या संपादनाबद्दलची दिलासा रक्कम त्यात बाजारमूल्याच्या १५ टक्के होती. १९८४ मध्ये ती ३० टक्के झाली, तर २०१३ च्या कायद्याने ती १०० टक्के केली. ग्रामीण भागात बाजारमूल्याला दोनपर्यंतचा गुणकही लागू शकतो. रक्कम वाढली तसा त्या रकमेतील चोविसाव्या वाट्याचा आणि सहाव्या वाट्याचा फरकही वाढला. बांधावरचा जो प्रश्न पूर्वी पायलीभर धान्याचा होता, तो आता बँक खात्यातील लाखांचा झाला आहे.

१३/
पण १८९४ च्या त्याच वसाहती कायद्यात एक तरतूद आहे, जिच्याकडे क्वचितच लक्ष जाते. कलम ११ नुसार निवाड्यात तीन गोष्टी हव्यात : क्षेत्र, मोबदला आणि त्या मोबदल्याची वाटणी. ही वाटणी ज्यांचा हितसंबंध असल्याचे अधिकाऱ्याला माहीत आहे किंवा वाटते, त्या सर्वांमध्ये करायची, मग ते त्याच्यासमोर हजर झालेले असोत वा नसोत. कलम १० नुसार अधिकारी जमीनधारकाकडून इतर सहहिस्सेदारांची नावे लेखी मागवू शकतो, आणि ती देण्यास तो कायद्याने बांधलेला असतो. २०१३ च्या कायद्यात हीच कलमे २३ आणि २२ या क्रमांकांनी आली आहेत. म्हणजे भावाने बहिणीचे नाव सांगावे ही अपेक्षा निव्वळ नैतिक नाही. ती सव्वाशेहून अधिक वर्षे जुनी कायदेशीर अपेक्षा आहे.

१४/
व्यवहारात बहुधा काय होते? निवाड्याचा तक्ता गट क्रमांकानुसार बनतो. धारकाच्या रकान्यात सातबाऱ्यावरचे नाव उतरते. त्या नावाला नोटीस जाते, त्याच नावाने बँक खाते मागितले जाते. कोणी हरकत घेतली नाही, तर वाटणीचा प्रश्न उद्भवलाच नाही असे मानले जाते. जी बहीण शंभर कोसांवर नांदते आणि जिला नोटीसच गेली नाही, तिने हरकत घ्यावी तरी कशी? तिचे मौन संमती म्हणून मोजले जाते.

१५/
यावर ठरलेले उत्तर असे, की कायद्यात उपाय आहे. तो आहे हे खरेच. रक्कम कमी वाटली तर दाद मागण्याचा मार्ग वेगळा (जुने कलम १८, नवे ६४), आणि वाटणीवर वाद असेल तर वेगळा (जुने ३०, नवे ७६). राष्ट्रीय महामार्गांच्या १९५६ च्या कायद्यात कलम ३ह, पोटकलम ४ प्रमाणे असा वाद दिवाणी न्यायालयाकडे पाठवावा लागतो. शिवाय पैसे चुकीच्या माणसाला मिळाले असतील, तर ते खऱ्या हक्कदाराला देण्याची त्याची जबाबदारी संपत नाही, हेही १८९४ पासून लिहिलेले आहे. पण या शेवटच्या वाक्याचा व्यवहारातील अर्थ पाहावा. सरकारने पैसे वाटून हात झटकले, आणि आता बहिणीने भावावर दावा लावून, खर्च झालेल्या रकमेचा माग काढत फिरायचे.

१६/
दुसरा अडसर हक्कसोडपत्राचा. संपादनाची चाहूल लागली, की अनेक घरांत बहिणींना तालुक्याच्या गावी बोलावले जाते. 'नावं कमी करायची आहेत, सह्या लागतील,' एवढेच सांगितले जाते. इथे एक भेद लक्षात ठेवावा. तलाठ्यापुढे दिलेला जबाब किंवा साध्या कागदावरील संमती म्हणजे हक्कसोड नव्हे. स्थावर मालमत्तेतील हक्क सोडण्यासाठी नोंदणीकृत दस्त लागतो, तो १९०८ च्या नोंदणी कायद्यामुळे. जुना फेरफार काढून पाहिल्यास खूण सापडते. बहिणीचे नाव कमी करणाऱ्या नोंदीत दस्त क्रमांक आणि दुय्यम निबंधक कार्यालयाचा उल्लेख आहे, की केवळ 'जबाबावरून' एवढाच शब्द आहे? दुसऱ्या प्रकारच्या नोंदीने तिचा हक्क गेलेला नसतो.

१७/
तिसरी अडचण काळाची. नवी मुंबईसाठी संपादन १९७० पासून सुरू झाले, आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली ती दोन दशकांनी. अनेक मूळ खातेदार तोवर वारले होते. त्यांच्या वारसांना न्यायालयातून वारस दाखला आणावा लागला. महाराष्ट्रात असा दाखला आजही ज्या नियमाखाली मिळतो, तो आहे १८२७ चा मुंबई रेग्युलेशन आठ, म्हणजे एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीतला. त्यातच स्पष्ट म्हटले आहे, की दाखल्याने मालमत्तेवर हक्क मिळत नाही, तूर्त व्यवस्था पाहणारा माणूस कोण हे फक्त कळते. तरीही एकाच्या नावाचा दाखला म्हणजे सगळी रक्कम त्याचीच, असा समज गावोगावी पक्का आहे.

१८/
भावांची बाजूही ऐकली पाहिजे. शेत त्यांनी कसले, विहीर त्यांनी खोदली, आईवडिलांना त्यांनी सांभाळले आणि बहिणींच्या लग्नाचे कर्ज त्यांनी फेडले. हे पुष्कळ घरांत खरे असते. पण कायद्याने या गोष्टींची सरमिसळ केलेली नाही. उभे पीक, झाडे, विहीर यांचे मूल्यांकन जमिनीपासून वेगळे होते, आणि स्वतःच्या खर्चाने केलेल्या सुधारणेचा दावा कसणारा भाऊ वेगळा मांडू शकतो. उपजीविका बुडाल्याबद्दलचे पुनर्वसनाचे लाभही जमिनीच्या किमतीहून निराळे आहेत. भावाच्या कष्टाचे मोल जरूर व्हावे, पण ते बहिणीच्या वाट्यातून वजा करून नव्हे. बहिणीला वाटा सोडायचाच असेल, तर तो आपला आकडा कळल्यावर सोडलेला असावा. आकडा न सांगता घेतलेली सही हा त्याग ठरत नाही.

१९/
दुसरा आक्षेप विलंबाचा : प्रत्येक घराची वंशावळ तपासत बसले तर रस्ते आणि धरणे कधी होणार? या आक्षेपाचे उत्तरही जुन्या कायद्यात आहे. वाटणीवर वाद असेल, तर रक्कम न्यायालयात किंवा प्राधिकरणाकडे जमा करता येते. त्यासाठी सगळी रक्कमही अडवण्याचे कारण नाही. वरच्या उदाहरणात भाऊ म्हणतात बहिणींना १ लाख, बहिणी म्हणतात ४ लाख. म्हणजे जुन्या हिशेबानेही प्रत्येक भावाचे व आईचे ४ लाख आणि प्रत्येक बहिणीचा १ लाख निर्विवाद आहे. मिळून १५ लाख त्याच दिवशी देता येतील. वाद उरतो तो ९ लाखांचा, आणि तेवढेच राखून ठेवले तरी काम भागते.

२०/
म्हणून मागणी नव्या कायद्याची नाही. निवाड्याला प्रत्येक खातेदाराच्या वारसांचा तक्ता जोडलेला असावा, 'इतर हक्क' रकान्यातील आणि गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीतील प्रत्येक नावाला स्वतंत्र नोटीस जावी, आणि 'ए. कु. मॅ.' या नावावर एकरकमी पैसे देणे बंद व्हावे. या तीन गोष्टी १८९४ च्या कलम ११ मधील 'वाटणी' या एका शब्दातच सामावलेल्या होत्या. त्या शब्दाची अंमलबजावणी मात्र सारा गोळा करणाऱ्या दप्तराकडे सोपवली गेली, आणि ते दप्तर शंभर वर्षांपूर्वीचाच प्रश्न विचारत राहिले : कुटुंबातर्फे कोण बोलतो?

२१/
ज्यांना हा इतिहास पुस्तकाबाहेर वाचायचा आहे, त्यांनी आपल्या गावातील एखाद्या संपादित गटाचे जुने फेरफार क्रमाने लावून पाहावेत. आजोबांचे एकच नाव, मग 'ए. कु. मॅ.', मग भावांची नावे, मग कधीतरी बहिणींची आणि त्यांच्यापुढे काही महिन्यांतच 'नाव कमी केले'. शेवटच्या नोंदीत शासनाचे किंवा प्रकल्पाचे नाव येते आणि पान संपते. १९५६, १९९४ आणि २००५ या वर्षांनी कायद्यात काय बदलले हे ग्रंथांत सापडते. घरात काय बदलले, ते या चार-पाच ओळींत दिसते.